ओटीपी बरोबर, खात्यात पैसे, तरी कार्ड डिक्लाइन: क्रिप्टो घेताना बँक मधेच का अडवते?

प्रश्न: नमस्कार दादा, मी नाशिकला सातपूरला एका कंपनीत आहे, वय 27. गेल्या आठवड्यात एका फॉरेनच्या एक्स्चेंजवर 25 हजारांचं यूएसडीटी नावाचं क्रिप्टो घ्यायला गेलो. केवायसी झालेली, साइटवर स्पष्ट लिहिलंय व्हिसा डेबिट कार्ड चालतं. ओटीपी आला, टाकला, बरोबर पण झाला आणि मग 'डिक्लाइन्ड बाय इश्यूइंग बँक'. खात्यात 61 हजार होते. सहा वेळा केलं. सहाव्या वेळेनंतर कार्डच ब्लॉक, संध्याकाळी पेट्रोल पंपावर पण चालेना, मित्राकडून पैसे घ्यावे लागले. कस्टमर केअरला एक मॅडम म्हणाल्या सर्व्हर डाउन आहे, दुसरे सर म्हणाले आरबीआयची बंदी आहे. एक्स्चेंजवाले म्हणतात आमच्याकडून सगळं ओके, बँकेशी बोला. खरं कोण बोलतंय? आणि मित्र म्हणतोय पी2पी ने घे, कार्डाची झंझटच नको. घेऊ का?
– सातपूरहून एक वाचक

उत्तर: एक्स्चेंजवाले खरं बोलतायत. कस्टमर केअरचे दोघंही चुकले. सर्व्हर डाउन असता तर सहाही वेळा तोच नकार सहसा आला नसता, आणि आरबीआयची बंदी म्हणशील तर ती 2020 मध्येच गेली, त्यावर खाली येतोच. पण म्हणून बँकेने तुझ्यावर अन्याय केला असंही नाही हं. मी अकरा वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात काढलीत, त्यातली बरीच याच 'का अडवलं' च्या भानगडीत, त्यामुळे तिकडून हे कसं दिसतं ते सांगतो.

आधी 'कार्ड चालतं' या दोन शब्दांचा घोळ काढू. दुकानदार जेव्हा म्हणतो की माझ्याकडे व्हिसा चालतं, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की त्याचा त्याच्या बँकेशी करार आहे, म्हणजे जी बँक त्याच्यासाठी कार्डाचे पैसे गोळा करते तिच्याशी. तुझ्या बँकेला त्याने काही विचारलेलं नसतं. एक्स्चेंजच्या बाबतीत तर मधे अजून एक कंपनी असते, कार्डाचं पान बघितलंस तर कोपऱ्यात बारीक अक्षरात तिचं नाव दिसेल, तीच तुझ्याकडून पैसे घेते आणि एक्स्चेंजच्या वॉलेटमध्ये कॉइन टाकते. मग तुझी रिक्वेस्ट एक्स्चेंजकडून या मधल्या कंपनीकडे, तिथून तिच्या बँकेकडे, तिथून व्हिसाच्या नेटवर्कवर आणि मग शेवटी नाशिकच्या तुझ्या खात्याच्या बँकेकडे. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं म्हणून आपल्याला एकच माणूस हो किंवा नाही म्हणतोय असं वाटतं. प्रत्यक्षात सगळ्यांनी हो म्हटलं आणि शेवटच्याने, ज्याचे पैसे जाणार आहेत त्याने, नाही म्हटलं. आणि त्या शेवटच्याचंच चालतं.

आता तू म्हणशील ओटीपी पण त्याच बँकेने पाठवला ना, मग? इथेच बहुतेकांची गल्लत होते. ओटीपी हा वेगळा प्रश्न आहे. तो विचारतो की कार्ड वापरणारा खरंच कार्डाचा मालक आहे का. तू ओटीपी टाकलास, बँकेच्या त्या सिस्टीमने सांगितलं हो, हाच तो. त्यानंतर दुसरा प्रश्न जातो, दुसऱ्या सिस्टीमकडे, की याला हे पेमेंट करू द्यायचं का. तिथे बॅलन्स बघतात, कार्डाची लिमिट बघतात, इंटरनॅशनल चालू आहे का बघतात आणि समोरचा कुठल्या धंद्याचा आहे ते बघतात. तुझं गाडं त्या शेवटच्या गोष्टीवर अडलं.

धंदा कसा कळतो? प्रत्येक दुकानदाराला कार्डाच्या दुनियेत एक चार आकडी नंबर असतो, त्याला एमसीसी म्हणतात. किराणा-सुपरमार्केटचा 5411, पेट्रोल पंपाचा 5541. क्रिप्टो विकणाऱ्याचा साधारणपणे 6051. या 6051 मध्ये आधीपासून कोण होतं माहितीये का, परकीय चलन विकणारे, मनीऑर्डरवाले, ट्रॅव्हलर्स चेकवाले. म्हणजे जिथे कार्ड घासून वस्तू मिळत नाही, रोख रकमेसारखंच काहीतरी हातात येतं अशी सगळी मंडळी. 2018 च्या सुरुवातीला अमेरिकेत कार्ड नेटवर्क्सनी क्रिप्टोची खरेदी या रोखीच्या गटात ढकलली, आणि त्याच फेब्रुवारीत जेपी मॉर्गन चेस, बँक ऑफ अमेरिका, सिटी अशा मोठ्या बँकांनी क्रेडिट कार्डावर क्रिप्टो घेणं बंद केलं, इंग्लंडात लॉइड्सनेही केलं. तेव्हा हा काही फक्त आपल्याकडचा चोचलेपणा नाही.

बँकेत हा नियम कसा असतो सांगू? एका स्क्रीनवर ओळी असतात. 6051, परदेशी व्यापारी, डेबिट कार्ड, उत्तर नाही. बस. कोणी माणूस बसून तुझं नाव वाचून नकार देत नाही. बँकेकडून व्हिसाकडे दोन आकडी कोड जातो, बहुतेकदा 57, म्हणजे या कार्डधारकाला हा व्यवहार करायला परवानगी नाही, किंवा 05, म्हणजे नुसतंच 'देऊ नका', कारण सांगायचं नाही. खात्यात पैसे कमी असते तर 51 आला असता. पण तुझ्या स्क्रीनवर यातलं काही दिसत नाही, मधली कंपनी सगळ्याचं एकच वाक्य करून दाखवते. आणि कस्टमर केअरच्या मॅडमना पण फक्त 'फेल्ड' एवढंच दिसत असतं, म्हणून त्या सर्व्हर डाउन म्हणतात. मुद्दाम खोटं नाही बोलत बिचाऱ्या, पुढच्या कॉलला वीस लोक थांबलेले असतात.

सहा वेळा करणं ही मात्र तुझी चूक, स्पष्ट सांगतो. बँकेच्या बाजूने बघ जरा. एक कार्ड आहे जे वर्षभर पेट्रोल, किराणा, मोबाइल रिचार्ज एवढंच करतंय, आणि एक दिवस अचानक परदेशातल्या क्रिप्टो विकणाऱ्याकडे 25 हजारांचा प्रयत्न, नाही म्हटलं तरी परत, परत, परत, तीच रक्कम. चोराच्या हातात कार्ड आलं की तो अगदी हेच करतो. मग दुसरी एक सिस्टीम, जी व्यवहारांची गती बघते, ती कार्डालाच कुलूप लावते. पेट्रोल पंपावर तू अडकलास ते या कुलपामुळे, 6051 मुळे नाही. धंद्याच्या नियमाने नकार मिळाला असेल तर साठाव्या वेळेलाही तोच मिळणार, तो काही टॉवर नसल्यासारखा प्रकार नाही.

आता खरा मुद्दा, बँक का घाबरते. लोक म्हणतात बँकांना क्रिप्टोची स्पर्धा वाटते वगैरे. असेल थोडंफार, पण कार्ड विभागात बसलेल्याला त्याची काही पडलेली नसते. त्याची भीती वेगळी असते: कार्डाचे पैसे परत फिरू शकतात आणि क्रिप्टो फिरू शकत नाही. तू कार्डाने फ्रिज घेतलास आणि आलाच नाही, तर बँकेकडे तक्रार करतोस, बँक नेटवर्कमधून दुकानदाराच्या बँकेकडून पैसे ओढून आणते, याला चार्जबॅक म्हणतात आणि त्याला कित्येकदा चार-चार महिन्यांची मुदत असते. क्रिप्टोचं मात्र काय, दहा मिनिटांत कॉइन वॉलेटमधून दुसऱ्या वॉलेटमध्ये, तिथून तिसऱ्या. ते परत बोलवायला कोणीच नाही. म्हणजे एका टोकाला चार महिने उघडं राहणारं दार आणि दुसऱ्या टोकाला दहा मिनिटांत कायमचं बंद होणारं. या दोघांच्या मधे जो उभा असतो तो मार खातो.

आणि मार खाणारा बहुतेक वेळा दुकानदार नसतो बरं का. साधारण नियम असा आहे की ओटीपीने ओळख पटवलेला व्यवहार नंतर फ्रॉड निघाला तर जबाबदारी दुकानदाराकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकते. म्हणजे तू ज्या ओटीपीला 'बघा, मीच आहे' म्हणून पुरावा समजतोस, त्याच ओटीपीमुळे बँकेचा जीव जास्त अडकतो. त्यात आरबीआयचा जुलै 2017 चा नियम, की अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. मग बँकेचा रिस्कवाला विचार करतो, यातून मला मिळणार काय, तर थोडंसं कमिशन. जाणार काय, तर पूर्ण रक्कम. कोण ठेवील हे दार उघडं?

एक केस सांगतो, नावगाव सांगत नाही. सांगलीकडचे एक निवृत्त मास्तर. फोन आला, तुमचं लाइट बिल अपडेट नाही, आज रात्री वीज तोडणार, हे ॲप टाका. त्यांनी ॲप टाकलं, ते स्क्रीन दाखवणारं ॲप होतं. पुढे चोराने त्यांच्या कार्डाने एका परदेशी साइटवर क्रिप्टो घेतलं, 49 हजारांचे तीन व्यवहार, ओटीपी मास्तरांच्याच फोनवर येत होता आणि चोर तो वाचत होता. पहिल्या व्यवहाराचा एसएमएस मास्तरांनी पाहिला तोपर्यंत तिसरा झाला होता. तासाभरात तक्रार आली आमच्याकडे. हेच पैसे कुठल्या खात्यात गेले असते तर ते खातं गोठवता आलं असतं, हेच मोबाइल घ्यायला वापरले असते तर डिलिव्हरी थांबवता आली असती. इथे समोरच्या कंपनीने आम्हाला व्यवस्थित कागद पाठवले, की ओटीपी झालेला आहे, कॉइन अमुक पत्त्यावर दिलेत, आमचं काम संपलं. आणि तिचं बरोबरच होतं. मास्तरांचे 1 लाख 47 हजार गेले, त्यातले काही बँकेने भरले काही नाही, त्यावर सात महिने भांडण चाललं. पुढच्याच महिन्यात आमच्याकडे ती 6051 ची ओळ पडली. तू आणि ते मास्तर, बँकेच्या स्क्रीनवर अगदी सारखेच दिसता, हे लक्षात ठेव.

दुसरं कारण खास आपल्या देशातलं. तू ज्या कंपनीला पैसे देत होतास ती परदेशात आहे. म्हणजे ते नुसतं पेमेंट नाही, देशाबाहेर पैसे पाठवणं झालं, म्हणजे परकीय चलनाचा फेमा कायदा आला. डेबिट कार्डाने असा खर्च केला की तो परदेशी पैसे पाठवायच्या एलआरएस योजनेतल्या तुझ्या मर्यादेत मोजला जातो, म्हणजे माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. तुझे 25 हजार रुपये म्हणजे त्यातला चिमूटभर, रकमेची अडचण नाहीच. अडचण ही की बँकेला पैसे कशासाठी गेले ते सांगावं लागतं, शिक्षण, प्रवास, उपचार, शेअर्स असे ठरलेले उद्देश आहेत, आणि क्रिप्टो त्यात कुठे बसतं याबद्दल बँकांना सरळ कागद मिळालेला नाही. म्हणून अनेक बँका परदेशी पैसे पाठवायच्या फॉर्मवरच लिहून घेतात की हे पैसे क्रिप्टोसाठी नाहीत. फॉर्मवर जे नको म्हणतात तेच कार्डाने होऊ दिलं तर उद्या तपासणीला आलेला माणूस विचारेल ना.

आता ती आरबीआयची बंदी. 6 एप्रिल 2018 ला आरबीआयने सर्क्युलर काढलं होतं की बँकांनी क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा द्यायची नाही. ते सुप्रीम कोर्टाने 4 मार्च 2020 ला रद्द केलं. तरीही बँका ग्राहकांना ईमेल टाकताना तेच सर्क्युलर दाखवत राहिल्या, मग 31 मे 2021 ला आरबीआयनेच सांगितलं की ते आता दाखवू नका, ते लागू नाही. पण त्याच पत्रात पुढे हेही आहे की केवायसी, मनी लाँडरिंग, फेमा यांच्यासाठी जी तपासणी करता ती चालू ठेवा. म्हणजे दार पूर्ण उघडलं नाही, नुसती पाटी काढली. कस्टमर केअरच्या त्या सरांकडे अजून जुनी पाटी आहे.

आणि कागदावर काही नसताना पण गोष्टी कशा बंद होतात त्याचा नमुना 2022 चा. कॉइनबेस ही अमेरिकन कंपनी एप्रिल 2022 मध्ये मोठ्या थाटात आपल्याकडे आली, यूपीआयने क्रिप्टो घ्या म्हणाली. त्याच दिवशी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने निवेदन काढलं की कुठलं क्रिप्टो एक्स्चेंज यूपीआय वापरतंय असं आम्हाला माहीत नाही. बंदी घातली नाही, नुसतं 'माहीत नाही' म्हटलं. काही दिवसांतच कॉइनबेसचं यूपीआय बंद. पुढच्या महिन्यात त्यांचे सीईओ ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी सांगितलं की आरबीआयकडून अनौपचारिक दबाव होता. बँकेतल्या लोकांना अशा गोष्टी वाचायला वेगळं शिकवावं लागत नाही, शहाण्याला शब्दाचा मार.

मग तू बँकेशी भांडू शकतोस का? कार्डाच्या अटींमध्ये बँकेने विशिष्ट धंद्यांचे व्यवहार नाकारायचा हक्क ठेवलेला असतो, आणि कुठला व्यवहार करू द्यायचा हा बँकेचा व्यावसायिक निर्णय धरतात, आरबीआयच्या लोकपालाकडे अशा निर्णयाविरुद्धची तक्रार टिकत नाही. हां, बँकेने लेखी उत्तरात 2018 च्या बंदीचं कारण दिलं तर ते चुकीचं आहे आणि ते तू त्यांना दाखवू शकतोस, पण त्याने फार तर उत्तरातलं वाक्य बदलेल, ती 6051 ची ओळ नाही.

तरी एकदा खात्री करून घे की तुझ्या बाबतीत तेच झालंय, कारण दुसऱ्याही दोन-तीन जागा अडायच्या असतात. कार्डाचा नंबर टाकल्याबरोबर, ओटीपी यायच्या आधीच 'हे कार्ड चालत नाही' आलं असतं तर मधल्या कंपनीनेच नाकारलं असं समज, त्यांच्याकडे कार्डाच्या पहिल्या सहा-आठ आकड्यांवरून बँकांच्या याद्या असतात, रुपे कार्ड तर बहुतेक ठिकाणी इथेच पडतं. इंटरनॅशनल बंद असेल तर बहुतेक बँका तसा एसएमएस पाठवतात, आणि ते नवीन कार्डावर बंदच येतं, 2020 पासून आरबीआयचा तसा नियम आहे, ॲपमध्ये जाऊन चालू करावं लागतं. तुला ओटीपी आला, बरोबर झाला आणि मग नकार आला, म्हणजे बोट बँकेच्या नियमाकडेच जातं. पक्कं करायचं असेल तर कुलूप काढल्यावर त्याच कार्डाने परदेशी साइटवर काहीतरी शंभर-दोनशे रुपयांचं घेऊन बघ, एखादं ॲपचं सबस्क्रिप्शन वगैरे. ते झालं तर इंटरनॅशनलचा प्रश्न नाही, प्रश्न 6051 चा आहे. कस्टमर केअरला परत फोन केलास तर 'का फेल झालं' विचारू नकोस, विचार 'रिस्पॉन्स कोड काय आहे आणि मर्चंट कॅटेगरी कोणती'. पहिल्या माणसाला माहीत नसेल, पण तो तक्रार नंबर घेऊन आत पाठवेल आणि आतल्याला ते दिसतं.

त्या सहा प्रयत्नांतला एखादा खात्यातून गेलाय का तेही पासबुकात बघ. नकार मिळाला तर पैसे जायला नकोत, पण कधी बँक हो म्हणते, रक्कम अडकवून ठेवते आणि मग मधली कंपनी नावात फरक आहे वगैरे कारणाने नाही म्हणते. ते पैसे आपोआप सुटतात. पाच दिवसांत परत नाही तर रोज 100 रुपये भरपाई हा नियम लोक सांगतील, तो आहे, पण देशातल्या देशातल्या व्यवहारांना, परदेशी व्यापाऱ्याला नाही, त्यामुळे तिथे बँकेला लेखी तक्रार आणि थोडी वाट, एवढंच.

बरं, समजा बँकेने जाऊ दिलं असतं, तर तुझा फायदा होता का? हिशोब कर. कार्डाने कॉइन देणाऱ्या मधल्या कंपन्या स्वतःचं कमिशन लावतात, समजा 4 टक्के, तर 25 हजारांवर 1,000 रुपये. बँकेचा फॉरेन करन्सी मार्कअप, बऱ्याच कार्डांवर 3.5 टक्के, 875 रुपये, आणि त्या 875 वर 18 टक्के जीएसटी, 157 रुपये 50 पैसे. झाले 2,032 रुपये. यूएसडीटी ही तर डॉलरला बांधलेली, तिचा भाव काही उडणार नाही, म्हणजे तू घेतल्या मिनिटाला आठ टक्के खाली. क्रेडिट कार्डाने केलं असतंस तर वर रोख रक्कम काढल्यासारखी फी आणि पहिल्या दिवसापासून व्याज लागायची शक्यता, कारण 6051 म्हणजे रोखीसारखं. तुला अडवणाऱ्याने तुझे दोन हजार वाचवले असं म्हण हवं तर.

मित्राच्या पी2पी ला माझं सरळ नाही. पी2पी म्हणजे एक्स्चेंज फक्त दोन अनोळखी माणसांची गाठ घालून देतं, तू त्याच्या खात्यात यूपीआयने पैसे टाकतोस, तो कॉइन सोडतो. घेताना बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणूनच मित्र इतक्या खुशीत सांगतोय. गोची होते विकताना. त्या दिवशी पैसे तुझ्या खात्यात येतात, आणि पाठवणाऱ्याने ते कुणा मास्तरांचे चोरलेले असतील तर ते मास्तर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करतात, सायबर पोलीस पैशाचा माग काढत एका खात्यावरून दुसऱ्यावर येतात आणि साखळीतल्या प्रत्येक खात्यावर होल्ड लागतो. तक्रार तेलंगणात, गुजरातेत कुठेही असू शकते. तुझा पगार त्याच खात्यात, ईएमआय त्याच खात्यातून, आणि तू तिकडच्या पोलीस स्टेशनला ईमेल करत बसलायस की साहेब मी तर फक्त यूएसडीटी विकले. माझ्या ओळखीत एका पोराचं 8 हजारांसाठी पूर्ण खातं चार महिने बंद होतं. शिवाय पी2पी मध्ये 1 टक्का टीडीएस कापायची जबाबदारी कायद्याने घेणाऱ्यावर येते, पगारदार माणसाला वर्षाला 50 हजारांपर्यंत सूट आहे म्हणा, पण त्याच्या वर गेलास की ते कोण करणार? आणि विकणारा 'माझ्या मेहुण्याच्या खात्यात टाक' म्हणाला की तिथेच सोडून द्यायचं, मेहुणा वगैरे काही नसतो.

तसंच कोणी टेलिग्रामवर सांगेल की आमच्या लिंकवरून कार्ड चालतं, बँकेला कळत नाही. बँकेला कळत नाही कारण त्याने 6051 लपवून स्वतःला सॉफ्टवेअर नाहीतर गेमिंगचं दुकान दाखवलंय. मग कॉइन आलेच नाहीत तर तू बँकेला काय सांगणार, गेम घेतला होता म्हणून?

घ्यायचंच ठरवलं असशील तर आपल्या देशातलं, एफआययू म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे नोंद असलेलं एक्स्चेंज बघ. मार्च 2023 पासून क्रिप्टोवाल्यांना मनी लाँडरिंगचा कायदा लागू झालाय आणि तिथे नोंद करावी लागते, डिसेंबर 2023 मध्ये बायनान्ससकट नऊ परदेशी एक्स्चेंजना याच नोंदीवरून नोटिसा गेल्या होत्या, नंतर त्यांच्या साइट पण बंद केल्या, बायनान्सने पुढे 18 कोटी 82 लाखांचा दंड सोसला. तू ज्यावर खातं काढलंयस त्याची नोंद आहे का ते आधी तपास. इथल्या एक्स्चेंजवर कार्डाची भानगड बहुधा नसतेच, तुझ्या स्वतःच्या नावाच्या खात्यातून आयएमपीएस किंवा एनईएफटी. आता हे बँक का जाऊ देते आणि कार्ड का नाही, तर यात पैसे तू ढकलतोस, समोरचा ओढत नाही, चार्जबॅक नावाचा प्रकार नाही, पैसे देशातच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात, आणि काही झालंच तर ते खातं कुणाचं आहे ते बँकेला माहीत असतं. तरी काही बँका तिथेही कुरकुर करतात, फोन येतो कशासाठी पाठवताय म्हणून, खरं ते सांगायचं. पहिल्यांदा 500 रुपये पाठव, एक्स्चेंजच्या वॉलेटमध्ये दिसले, परत काढून खात्यात आले, मगच मोठी रक्कम. परत काढून बघायची पायरी लोक गाळतात आणि मग रडतात. नफ्यावर 30 टक्के कर, तोटा दुसऱ्या कशात वळता होत नाही, विकताना 1 टक्का टीडीएस, हे एक्स्चेंजच कापतं, तुझ्या टॅक्सच्या स्टेटमेंटमध्ये दिसतं, रिटर्न भरताना दाखव.

आणि आधी ते कार्ड सोडव. ॲपमध्ये 'अनब्लॉक' दिसत असेल तर तिथूनच, नाहीतर ब्रँचला आधार घेऊन जा, आणि ते विचारतील हे सहा व्यवहार तुम्हीच केले का, तर हो म्हण. लाजून 'मी नाही केले' म्हणालास तर ते फ्रॉड म्हणून नोंदवतील, कार्ड कायमचं रद्द करून नवीन पाठवतील आणि दहा दिवस परत पेट्रोलला मित्राकडे हात पसरावे लागतील.